येणे कागदावर, देणे दारात
चालू गुणोत्तर आणि शीघ्र गुणोत्तर यांचा व्यापाऱ्यास होणारा खरा उपयोग

दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात इचलकरंजीचे एक वडीलधारे कापड व्यापारी आमच्या कार्यालयात आले. त्यांना सारे जण अण्णा म्हणतात. चाळीस वर्षांची पेढी, दोन मुले हाताशी, आणि व्यवहार असा की दिलेला शब्द वहीत लिहिला नाही तरी पाळला जातो. त्यांच्या हातात एका तयार कपड्यांच्या कंपनीचा वार्षिक अहवाल होता. त्या कंपनीने शर्टाच्या कापडाची ६० लाख रुपयांची मागणी नोंदवली होती आणि पैसे ९० दिवसांनी देण्याचे मान्य केले होते. इतकी मोठी मागणी अण्णांच्या पेढीकडे यापूर्वी कधी आली नव्हती.

"अहवालात करंट रेशो १.६० छापला आहे. आपल्याकडे दीडच्या वर असला की कंपनी मजबूत, असे आम्ही ऐकत आलो. माल द्यायला हरकत नाही ना?" अण्णांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले नाही. त्या दुपारी अहवालाची पाने उलटता उलटता जे समोर आले, तेच येथे क्रमाने मांडतो. कंपनीचे नाव अर्थातच देत नाही. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून पूर्णांकांत घेतले आहेत.

गुणोत्तर नेमके काय सांगते?

ताळेबंदात मालमत्तेचे दोन भाग असतात. जमीन, इमारत, यंत्रे ही दीर्घकाळ वापरावयाची मालमत्ता झाली. मालसाठा, ग्राहकांकडून येणे, बँकेतील शिल्लक, हातातील रोकड ही चालू मालमत्ता होय. सर्वसाधारणपणे वर्षभरात किंवा धंद्याच्या एका फेऱ्यात तिची रोकड व्हावी अशी अपेक्षा असते. त्याचप्रमाणे जी देणी वर्षभरात किंवा त्याच फेऱ्यात भागवावयाची असतात, ती चालू देणी: पुरवठादारांचे पैसे, बँकेचे कॅश क्रेडिट, दीर्घ मुदतीच्या कर्जाचे येत्या वर्षातील हप्ते, कर, पगार.

चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की चालू गुणोत्तर मिळते, ज्याला आपण करंट रेशो म्हणतो. १.६० याचा अर्थ असा की वर्षभरात द्यावयाच्या प्रत्येक रुपयामागे कंपनीकडे एक रुपया साठ पैशांची चालू मालमत्ता आहे.

हे गुणोत्तर दोन असावे, असा जुना संकेत पाठ्यपुस्तकांत आढळतो. मालमत्ता विकताना निम्मी किंमत आली तरी देणी भागावीत, एवढाच त्यामागचा विचार. आपल्याकडील बँकांमध्ये मात्र १.३३ हा आकडा अधिक रुजला. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी ज्या पद्धती सुचवल्या, त्यांपैकी दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा धंदेवाल्याने स्वतःच्या अथवा दीर्घ मुदतीच्या भांडवलातून उभा करावयाचा होता. म्हणजे १०० रुपयांच्या चालू मालमत्तेवर चालू देणी ७५ रुपयांपेक्षा अधिक नकोत, आणि १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. हा आकडा कर्ज देणाऱ्याने स्वतःसाठी आखलेली मर्यादा आहे. बँकेजवळ तारण असते. उधारीवर माल देणाऱ्या अण्णांसारख्या व्यापाऱ्याजवळ केवळ एक बिल असते. म्हणून बँकेला पुरणारा आकडा व्यापाऱ्याला पुरेलच असे नाही.

एकच बेरीज, वेगळे घटक

अण्णांना मी प्रथम दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. रकमा कोटी रुपयांत आहेत.

| तपशील | मागील वर्ष | चालू वर्ष |
|---|---|---|
| मालसाठा | २८ | ४६ |
| ग्राहकांकडून येणे | ३० | ३६ |
| रोकड व बँक शिल्लक | ८ | ४ |
| बँकेत अडकवलेल्या ठेवी | २ | ३ |
| दिलेले अग्रिम व इतर | ६ | ७ |
| एकूण चालू मालमत्ता | ७४ | ९६ |
| बँकेचे कॅश क्रेडिट | १८ | २४ |
| कर्जाचे वर्षातील हप्ते | ५ | ६ |
| पुरवठादारांचे देणे | १६ | २४ |
| इतर देणी | ७ | ६ |
| एकूण चालू देणी | ४६ | ६० |

मागील वर्षी ७४ भागिले ४६, म्हणजे १.६१. चालू वर्षी ९६ भागिले ६०, म्हणजे १.६०. गुणोत्तर जणू जागचे हललेच नाही. परंतु आतील घटक पाहा. मालसाठा १८ कोटींनी वाढला, रोकड निम्म्यावर आली, आणि पुरवठादारांचे देणे दीडपट झाले. हे सारे घडूनही गुणोत्तर तेच राहिले, कारण चालू गुणोत्तराच्या लेखी गोदामातील एक रुपयाचा माल आणि तिजोरीतील एक रुपयाची नोट यांत काहीच भेद नाही.

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरे द्यावी लागतात, आणि एखादे गुणोत्तर मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदलले तर कारणही लिहावे लागते. चालू गुणोत्तर त्या अकरांत आहे. शीघ्र गुणोत्तर मात्र नाही. या कंपनीचे चालू गुणोत्तर १.६१ वरून १.६० झाले, तेव्हा खुलाशाचा प्रश्नच उद्भवला नाही. छापील तक्त्यात त्या ओळीसमोरचा रकाना कोरा होता, आणि अण्णांना तो कोरा रकानाच दिलासा वाटला होता.

कसोटीचा दगड

सराफ सोने पारखताना ते कसोटीच्या दगडावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो. हीण असेल तर ते विरून जाते, सोने उरते. शीघ्र गुणोत्तर, म्हणजेच क्विक रेशो, याला हिशेबशास्त्रात आम्ल कसोटी असेही म्हणतात ते याच प्रथेवरून. येथे चालू मालमत्तेतून मालसाठा वगळावयाचा, आणि ज्यातून रोकड हाती येणार नाही असे अग्रिम व आगाऊ भरलेले खर्चही वगळावयाचे. उरलेल्या रकमेला चालू देण्यांनी भागावयाचे.

मालसाठा का वगळावा? कारण त्याची रोकड होण्यास दोन पायऱ्या लागतात: माल विकला गेला पाहिजे आणि नंतर पैसे वसूल झाले पाहिजेत. शिवाय या कंपनीच्या साठ्यात केवळ तयार शर्ट नाहीत. टिपांमध्ये त्याची फोड पाहिली तर कच्चे कापड, अर्धवट शिवलेला माल आणि तयार माल असे तीन भाग दिसतात. अर्धवट शिवलेल्या शर्टाला बाजारात गिऱ्हाईक नसते, आणि गतसालच्या रंगाच्या, गतसालच्या धाटणीच्या शर्टाला निम्म्या भावानेही ते मिळण्याची खात्री नसते.

मागील वर्षी ३० अधिक ८ अधिक २, म्हणजे ४०. त्यास ४६ ने भागले की ०.८७. चालू वर्षी ३६ अधिक ४ अधिक ३, म्हणजे ४३. त्यास ६० ने भागले की ०.७२. पाठ्यपुस्तकात हे गुणोत्तर एक असावे असे सांगतात. जे चालू गुणोत्तरात दिसले नाही ते येथे लगेच दिसले: वर्षभरात कंपनीची तातडीची शक्ती स्पष्टपणे उणावली होती.

येथे एक सावधगिरी हवी. मालसाठा सरसकट वगळणे प्रत्येक धंद्याला न्याय्य ठरत नाही. सराफी पेढीतील सोने हा मालसाठाच असतो, पण त्याचा भाव रोज जाहीर होतो आणि ते एका दिवसात विकता येते. तेथे शीघ्र गुणोत्तर कमी दिसले तरी घाबरण्याचे कारण नसते. उलट मोठ्या किरकोळ साखळ्यांचे पाहा. अमेरिकेतील वॉलमार्टचे चालू गुणोत्तर वर्षानुवर्षे एकाच्याही खाली राहत आले आहे, आणि तरी ती कंपनी देणी भागवते, कारण ग्राहक रोखीने खरेदी करतो आणि पुरवठादाराला पैसे काही आठवड्यांनी द्यावयाचे असतात. गुणोत्तर वाचण्यापूर्वी धंद्यात पैसा कसा फिरतो हे पाहिले पाहिजे. तयार कपड्यांच्या धंद्यात माल हंगामी आणि उधारी लांब. तेथे ही कसोटी योग्यच लागू पडते.

येण्याचे वय

"पण अण्णा, ही ०.७२ सुद्धा उदारच म्हणावी लागेल," मी म्हणालो. शीघ्र गुणोत्तर मालसाठ्याला गाळते, पण ग्राहकांकडील येणे पूर्ण वसूल होणार असे धरून चालते. ते खरे आहे का, हे पाहण्याची सोय आता अहवालातच असते. वर उल्लेखलेल्या दुरुस्तीनेच कंपन्यांना येण्याचा वयोमानाप्रमाणे तक्ता देणे बंधनकारक केले: सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन वर्षे, आणि तीन वर्षांहून अधिक.

या तक्त्यात एक बारीक मेख आहे. हे वय बिलाच्या तारखेपासून मोजलेले नसते, तर पैसे देण्याची ठरलेली तारीख उलटल्यापासून मोजलेले असते. तेव्हा ९० दिवसांच्या उधारीचे बिल 'सहा महिने ते एक वर्ष' या रकान्यात असेल, तर माल जाऊन किमान नऊ महिने झालेले असतात.

आमच्या कंपनीच्या ३६ कोटींची फोड अशी होती: मुदत न उलटलेले १४ कोटी, मुदत उलटून सहा महिन्यांच्या आतील ११ कोटी, सहा महिने ते एक वर्ष ४ कोटी, एक ते दोन वर्षे ५ कोटी, आणि त्याहून जुने २ कोटी. शेवटचे तीन रकाने मिळून ११ कोटी होतात. हे पैसे बुडालेच असे नाही, परंतु येत्या तिमाहीत त्यांतून अण्णांचे बिल चुकते होईल असे मानणे धाडसाचे ठरेल.

दुसरी गोष्ट बँकेत अडकवलेल्या ठेवींची. बँकेने पतपत्र किंवा हमी देताना तारण म्हणून काही रक्कम ठेव स्वरूपात अडकवून ठेवलेली असते. ताळेबंदात ती बँक शिल्लक म्हणूनच दिसते, पण त्यातून कंपनीला धनादेश काढता येत नाही. तीही बाजूला ठेवू.

आता हातात उरले २५ कोटी येणे आणि ४ कोटी रोकड, एकूण २९ कोटी. समोर ६० कोटींची देणी. भागाकार ०.४८. छापील १.६० पासून सुरू झालेला प्रवास अर्ध्या रुपयाच्याही खाली येऊन थांबला. या शेवटच्या आकड्याला कोणत्याही पुस्तकात नाव नाही, पण उधारी देणाऱ्याने हाच काढून पाहावा.

दिवसांत मोजले तर

गुणोत्तर एका दिवसाचे चित्र असते. त्याला गती द्यावयाची तर दिवसांत मोजावे. या कंपनीची वर्षाची विक्री १५० कोटी आणि विकलेल्या मालाचा खर्च ११० कोटी. मालसाठ्याला खर्चाने भागून ३६५ ने गुणले की साठा किती दिवसांचा ते कळते: ४६ भागिले ११०, गुणिले ३६५, म्हणजे सुमारे १५३ दिवस. मागील वर्षी हाच साठा ९६ दिवसांचा होता. त्याच रीतीने येणे विक्रीशी ताडून पाहिले तर ८८ दिवस, मागील वर्षी ७६.

म्हणजे कापड गोदामात आल्यापासून त्याचा शर्ट होऊन, विकला जाऊन, पैसे हाती येईपर्यंत १५३ अधिक ८८, असे जवळजवळ २४१ दिवस जात होते. आठ महिने! आणि पुरवठादारांना ती किती दिवसांत पैसे देत होती? वर्षाची खरेदी ९२ कोटी, देणे २४ कोटी. हिशेब ९५ दिवसांचा निघतो, मागील वर्षी ८१ दिवसांचा.

अण्णा येथे प्रथमच गंभीर झाले. कंपनीने त्यांना ९० दिवसांचा वायदा केला होता, पण तिचा सरासरी पुरवठादारच ९५ दिवस थांबत होता. सरासरीत मोठे, दबाव आणू शकणारे पुरवठादार आधी पैसे घेऊन जातात. नव्या आणि लहान पुरवठादाराच्या वाट्याला सरासरीपेक्षा अधिक दिवस येतात. देण्यांचाही वयोमानाचा तक्ता अहवालात असतो, आणि त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेगळे दाखवावे लागते. तो तक्ता म्हणजे कंपनीने आपल्यासारख्यांना कसे वागवले याची वहीच होय. या कंपनीच्या तक्त्यात मुदत उलटून एक वर्षाहून अधिक काळ झालेले २ कोटी रुपये होते.

३१ मार्चचा दिवस

अण्णांच्या धाकट्या चिरंजीवांनी एक मार्मिक शंका काढली. "साहेब, आकडे एका दिवसाचे आहेत, तर त्या एका दिवसापुरते ते चांगले दिसतील अशी व्यवस्था करता येत नाही का?"

येते, आणि त्यात खोटी नोंद करण्याचीही गरज नसते. समजा चालू मालमत्ता ३० आणि देणी २० आहेत. गुणोत्तर १.५ झाले. आता ३० मार्चला १० रुपये देणे भागवून टाकले तर मालमत्ता २० आणि देणी १० उरतात, गुणोत्तर २ होते. कंपनी एका पैशानेही अधिक श्रीमंत झालेली नसते. एप्रिलमध्ये पुन्हा उधारीवर माल उचलला की गुणोत्तर पूर्वपदावर येते. गंमत अशी की गुणोत्तर एकाच्या खाली असेल तर हीच कृती उलट परिणाम करते: १५ आणि २० असताना १० भागवले तर ५ आणि १० राहतात, आणि ०.७५ चे ०.५० होते. म्हणून मार्चअखेरच्या एका आकड्यावर विसंबू नये. नोंदणीकृत कंपनी असेल तर सप्टेंबरअखेरचा अर्धवार्षिक ताळेबंद शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतो. तो मार्चच्या शेजारी ठेवावा. खाजगी कंपनीचा वार्षिक ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येतो, तेथेच कोणत्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे हेही दिसते.

आणखी एक टीप आवर्जून वाचावी. ज्या कंपन्या चालू मालमत्तेच्या तारणावर बँकेचे कर्ज घेतात, त्या दर तिमाहीला बँकेला साठ्याचे आणि येण्याचे विवरण देतात. ते विवरण वहीतील आकड्यांशी जुळते का, हे कंपनीला अहवालात जाहीर करावे लागते. बँकेला दाखवलेला साठा वहीपेक्षा वारंवार अधिक निघत असेल, तर गुणोत्तराचा भागाकार करत बसण्यात अर्थ नाही. तेथे पायाच संशयास्पद असतो.

बँकेने हात आखडला तर

"पण बँक २४ कोटी उद्या परत मागणार नाही ना?" अण्णांचा हा प्रतिप्रश्न रास्त होता. कॅश क्रेडिट कागदोपत्री मागताक्षणी परत करावयाचे असले, तरी व्यवहारात ते दरवर्षी नूतनीकरण होत चालू राहते. ते २४ कोटी वगळले तर उरलेली देणी ३६ कोटींची, आणि आपण काढलेली खरी तरलता २९ कोटींची. चित्र तितके भयाण राहत नाही.

मात्र यात एक अट दडलेली आहे. बँक मंजूर मर्यादेइतके पैसे नेहमीच उचलू देत नाही. साठ्यातून उधारीवर घेतलेला माल वजा करून, जुने येणे वगळून आणि ठरावीक टक्के कमी करून जी रक्कम येते, तेवढीच उचल मिळते. बँकवाले याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. साठा जुना झाला, येणे ठरलेल्या मुदतीपलीकडे गेले, पुरवठादारांचे देणे वाढले, की ही उचल आपोआप घटते. म्हणजे ज्या कारणांनी कंपनीला रोकड अधिक लागू लागते, त्याच कारणांनी बँकेची दारे अरुंद होत जातात. पतमानांकन संस्थेने या कंपनीविषयी प्रसिद्ध केलेल्या टिपणात मंजूर मर्यादा २५ कोटींची असल्याचे लिहिले होते. वापर २४ कोटींचा. पाऊस येण्यापूर्वीच छत्री जवळजवळ पूर्ण उघडलेली होती.

आपल्याच वहीवर परिणाम

आतापर्यंत आम्ही परक्याचा ताळेबंद तपासत होतो. शेवटी मी अण्णांना त्यांच्या स्वतःच्या पेढीचे आकडे विचारले. मालसाठा ७० लाख, येणे ९५ लाख, रोकड १५ लाख. चालू देणी १२० लाख. शीघ्र गुणोत्तर ११० भागिले १२०, म्हणजे ०.९२.

६० लाखांची मागणी पुरवण्यासाठी अण्णा सुमारे ५५ लाखांचे कापड स्वतः उधारीवर आणणार होते. माल रवाना झाला की वहीत येणे ६० लाखांनी वाढेल, देणे ५५ लाखांनी. नवे शीघ्र गुणोत्तर १७० भागिले १७५, म्हणजे ०.९७. कागदावर पेढी पूर्वीपेक्षा बळकट दिसेल! आणि ते ६० लाख वेळेवर आले नाहीत, तर ज्यांची रोकड होऊ शकते असे उरतील ११० लाख आणि देणी राहतील १७५ लाख: ०.६३. ज्या विणकरांनी आणि सूत व्यापाऱ्यांनी अण्णांच्या शब्दावर माल दिला, त्यांना थांबवण्याची वेळ चाळीस वर्षांत प्रथमच येईल.

या एका उदाहरणात गुणोत्तराची शक्ती आणि मर्यादा दोन्ही सामावल्या आहेत. उधारीवरची विक्री, मग ती वसूल होवो अथवा न होवो, केल्या दिवशी गुणोत्तर सुधारते. ते बिघडते ते वायद्याच्या तारखेनंतर. तोवर माल गेलेला असतो.

अण्णांनी मागणी नाकारली नाही. मोठ्या ग्राहकाशी संबंध जोडण्याची संधी त्यांना दवडावयाची नव्हती, आणि कंपनी बुडणारच असा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघतही नव्हता. निघत होता तो इतकाच की तिच्याकडे वेळेवर देण्याची ताकद तोकडी होती. त्यांनी प्रथम बँकेच्या पतपत्रावर माल देण्याची तयारी दाखवली. कंपनीने ते मान्य केले नाही. मर्यादा संपत आलेली असता बँक नवे पतपत्र सहजी देणार नाही, हे आता अण्णांनाही समजत होते. अखेरीस १५ लाखांचा माल, ३० दिवसांची मुदत, आणि पहिले पैसे आल्याखेरीज दुसरी गाडी नाही, असे ठरले.

ते पैसे आले. बावन्नाव्या दिवशी.

अण्णांच्या पेढीवर आता एक लहानशी वही वेगळी ठेवलेली असते. तिच्यात प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या नावापुढे चार आकडे असतात: छापील चालू गुणोत्तर, शीघ्र गुणोत्तर, सहा महिन्यांहून जुने येणे आणि अडकलेल्या ठेवी वगळून काढलेले गुणोत्तर, आणि तो ग्राहक पुरवठादारांना सरासरी किती दिवसांत पैसे देतो. धाकटे चिरंजीव दर ऑक्टोबरात नवे अहवाल आले की ते आकडे भरतात. पाचवा रकाना अण्णा स्वतः भरतात. त्यात आपले बिल ठरलेल्या तारखेनंतर कितव्या दिवशी चुकते झाले, तेवढेच लिहिलेले असते. त्या कंपनीपुढे तेथे २२ असा आकडा आहे.